मुद्दल दोनदा प्रवास करते

१९८१ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या दोन बड्या कर्जदारांची अडचण एकमेकांच्या अगदी उलट होती. आयबीएम या संगणक कंपनीने काही काळापूर्वी जर्मन मार्क आणि स्विस फ्रँक या चलनांत रोखे विकून पैसा उभा केला होता आणि तो डॉलरमध्ये बदलून वापरला होता. मार्च १९८० मध्ये एका डॉलरला १.९३ मार्क पडत होते. दीड वर्षात डॉलर इतका वधारला, की आता त्याच डॉलरला अडीच मार्कांहून जास्त मिळू लागले. मार्कातले कर्ज डॉलरच्या हिशेबाने आपोआप हलके झाले होते. हा फायदा पुन्हा हातून निसटण्याआधी बांधून ठेवायचा, असे कंपनीच्या मनात होते.

दुसरीकडे जागतिक बँकेला मार्क आणि फ्रँकच हवे होते. त्या वेळी अमेरिकेत व्याजदर १७ टक्क्यांच्या आसपास होते, पश्चिम जर्मनीत १२ च्या आणि स्वित्झर्लंडमध्ये ८ च्या. पण स्विस आणि जर्मन बाजारांत बँकेने आधीच इतके रोखे विकले होते, की आणखी विकायला फारशी जागा उरली नव्हती. डॉलरमध्ये मात्र तिच्या रोख्यांना हवे तेवढे गिऱ्हाईक होते.

एकाकडे नको असलेले मार्क-फ्रँकांचे कर्ज, दुसऱ्याला नेमके तेच हवे. सॉलोमन ब्रदर्स या न्यूयॉर्कच्या पेढीने दोघांची गाठ घालून दिली. कर्जे ज्याची त्याच्याच नावावर राहिली. ती फेडण्यासाठी लागणारे पैसे मात्र एकाने दुसऱ्याला पुरवायचे ठरले. आज ज्याला करन्सी स्वॅप म्हणतात, त्याचा इतिहास बहुधा या कराराच्या गोष्टीनेच सुरू होतो.

करारातली देवघेव कागदावर मांडली तर सोपी दिसते. आयबीएमला आपल्या रोखेधारकांना दर वर्षी ३० मार्चला ३ कोटी मार्क आणि १ कोटी २३ लाख ७५ हजार फ्रँक व्याज द्यायचे होते. शेवटच्या वर्षी, म्हणजे ३० मार्च १९८६ ला, व्याजासह ३० कोटी मार्क आणि २० कोटी फ्रँक मुद्दल. या सगळ्या रकमा, त्याच तारखांना, जागतिक बँक आयबीएमला देणार. त्या बदल्यात जागतिक बँकेने १६ टक्के व्याजाने जे २१ कोटी डॉलर उभे केले, त्यांचे दर वर्षीचे ३ कोटी ३६ लाख डॉलर व्याज आयबीएम बँकेला देणार. पहिला हप्ता तेवढा सातच महिन्यांचा, म्हणून सुमारे २ कोटी डॉलरचा. आणि १९८६ मध्ये शेवटच्या व्याजासह २१ कोटींचे मुद्दलही.

व्याजाचे आकडे काही कोटींचे आणि शेवटच्या दिवसाचे त्यांच्या कितीतरी पट, हे इथेच नजरेत भरते. ३० मार्च १९८६ ला एका बाजूने २४ कोटी ३६ लाख डॉलर जाणार आणि दुसऱ्या बाजूने ३३ कोटी मार्क व २१ कोटी २३ लाख ७५ हजार फ्रँक येणार. स्वॅप म्हटले की व्याजदरांची चर्चा रंगते. करन्सी स्वॅपमधला खरा भार मात्र मुद्दलावर असतो.

आता एक प्रश्न उरतो. शेवटी मुद्दल बदलले, तर सुरुवातीला का नाही? जागतिक बँकेच्या हाती डॉलर आले होते. तिला हवे होते मार्क आणि फ्रँक. पाठ्यपुस्तकातल्या नियमाप्रमाणे तिने ते डॉलर आयबीएमला द्यायचे आणि आयबीएमने मार्क-फ्रँक. पण आयबीएमकडे ते कुठे होते? ते तर केव्हाच डॉलरमध्ये बदलून खर्ची पडले होते. म्हणून बँकेने आपले डॉलर सरळ बाजारात विकले. रोखेविक्रीचा खर्च वजा जाता हाती आलेल्या २० कोटी ५४ लाख ८५ हजार डॉलरमधून, २.५६ मार्क आणि २.१८ फ्रँक या दरांनी, तिला ३० कोटी १३ लाख मार्क आणि १९ कोटी १४ लाख फ्रँकांच्या आसपास रक्कम मिळाली. आयबीएमच्या पुढच्या सगळ्या हप्त्यांची त्या दिवशीची किंमत बाजारातल्या व्याजदरांनी काढली, तर ती नेमकी एवढीच भरत होती. २१ कोटी हा आकडा कुणाच्या तरी मर्जीने ठरलेला नव्हता. तो या हिशेबातून उलटा काढलेला होता.

म्हणजे सुरुवातीची अदलाबदल झाली, पण दोघांनी ती आपापल्या वेळी, बाजारात जाऊन केली. हे चालते, कारण आजच्या दिवशी आजचा दर कुणालाही मिळतो. त्यासाठी करार लागत नाही. साडेचार वर्षांनंतरचा दर मात्र आज कुणाच्या खिशात नसतो. तो करारातच बांधावा लागतो. सुरुवातीची अदलाबदल वगळली तरी स्वॅप स्वॅपच राहतो. शेवटची वगळली, तर उरते ते केवळ व्याजाच्या हप्त्यांचे गणित, आणि विनिमय दराचा सगळा धोका होता तिथेच राहतो.

केवळ व्याजदरांची अदलाबदल असते, एकाने ठरावीक व्याज द्यायचे आणि दुसऱ्याने बदलते, तेव्हा दोन्हीकडे चलन एकच असते. शंभर कोटी रुपये देऊन शंभर कोटी रुपयेच घेण्यात अर्थ नाही, म्हणून तिथे मुद्दल जागचे हलत नाही. चलने दोन झाली की मुद्दल हलवावेच लागते. याचे मूळ स्वॅपच्या आधीच्या एका युक्तीत आहे. १९७९ पर्यंत ब्रिटनमध्ये परकीय चलनावर कडक नियंत्रणे होती. पौंड देश सोडून सहज बाहेर नेता येत नसत. मग ब्रिटिश कंपनी ब्रिटनमधल्या एखाद्या अमेरिकी कंपनीच्या शाखेला पौंड कर्जाऊ देई आणि ती अमेरिकी कंपनी तिकडे अमेरिकेत ब्रिटिश कंपनीच्या शाखेला डॉलर देई. सीमा कुणीच ओलांडली नाही, काम मात्र दोघांचे झाले. ही दोन समांतर कर्जे होती, आणि कर्ज म्हटले की सुरुवातीला मुद्दल मिळते, शेवटी परत जाते. यातली गोम अशी, की कर्जांचे कागद दोन असत. एकाने पैसे बुडवले तरी दुसऱ्याची देणी सुटत नसत. स्वॅपने ही दोन कर्जे एकाच करारात गुंडाळली: तू दिलेस तर मी देणार, नाहीतर नाही.

आता नेहमीच्या रूपातला स्वॅप पाहू. त्यासाठी एक कल्पित कंपनी घेऊ. तिचा कारखाना चाकणला आहे, माल देशातच खपतो, सगळी मिळकत रुपयांत आहे. तिला परदेशातून १ कोटी डॉलरचे कर्ज पाच वर्षांसाठी ६ टक्क्यांनी मिळते आहे. डॉलरचा भाव ८० रुपये धरू. कंपनीला डॉलरचे काही काम नाही, रुपये हवे आहेत. ती मुंबईतल्या आपल्या बँकेशी स्वॅप करते.

पहिल्या दिवशी सावकाराकडून आलेले १ कोटी डॉलर कंपनी बँकेला देते आणि बँक तिला ८० कोटी रुपये देते. पुढे दर वर्षी बँक कंपनीला ६ लाख डॉलर देते. कंपनी ते जसेच्या तसे सावकाराकडे पाठवते. त्याच दिवशी कंपनी बँकेला ८० कोटींवर, समजा ९ टक्क्यांनी, ७ कोटी २० लाख रुपये देते. पाचव्या वर्षाच्या अखेरीला पहिल्या दिवसाचा प्रवास उलट्या दिशेने होतो. कंपनी बँकेला ८० कोटी रुपये देते, बँक १ कोटी डॉलर देते आणि त्यातून सावकाराचे मुद्दल फिटते. बाजारात त्या दिवशी डॉलर ९२ ला असो की ७६ ला, करारातला दर ८० च. कंपनीच्या जमाखर्चात डॉलर येतात आणि लगेच जातात, टिकून राहतात ते फक्त रुपये. तिच्यापुरते ते ९ टक्क्यांचे रुपया कर्जच झाले.

हे संरक्षण फुकटचे नाही, आणि इथेच कंपन्यांचे संचालक अनेकदा कुरकुर करतात. ६ टक्क्यांचे स्वस्त कर्ज आणले आणि ९ टक्के भरायचे? दर वर्षीचा ३ टक्क्यांचा फरक ८० कोटींवर २ कोटी ४० लाख होतो, पाच वर्षांत १२ कोटी. पण याच पाच वर्षांत डॉलर ८० वरून ९२ वर गेला, तर नुसते मुद्दल फेडायला स्वॅपशिवाय १२ कोटी जास्त लागले असते. व्याजाचे ६ लाख डॉलरही वर्षागणिक महाग होत गेले असते, ते वेगळे. दोन देशांच्या व्याजदरांतला फरक म्हणजे जवळपास बाजाराने त्या चलनाच्या घसरणीचा धरलेला अंदाजच असतो. स्वॅप तो अंदाज आधीच हप्त्याहप्त्याने वसूल करतो. डॉलर ८४ वरच थांबला तर स्वॅप महाग पडला असे वाटेल, शंभरावर गेला तर कंपनीच्या ट्रेझरीतल्या माणसाचे कौतुक होईल. तसे पाहिले तर दोन्ही वेळी त्याने एकच काम केलेले असते.

हीच किंमत वसूल करण्याची दुसरी रीत रिझर्व्ह बँकेच्या एका व्यवहारात दिसते. २६ मार्च २०१९ ला तिने बँकांकडून सुमारे ५ अब्ज डॉलर विकत घेतले, रुपये दिले, आणि तीन वर्षांनी, मार्च २०२२ मध्ये, ते डॉलर परत विकण्याचे त्याच वेळी ठरवले. मधल्या काळात व्याजाचा एकही हप्ता नाही. मग व्याजाचा फरक गेला कुठे? तो शेवटच्या दरात शिरला. लिलावात ठरले, की परतीचा दर सुरुवातीच्या दरापेक्षा ७ रुपये ७६ पैशांनी जास्त असेल. सुरुवातीला सुमारे ६९ रुपये, तर शेवटी सुमारे ७७. याला फॉरेक्स स्वॅप म्हणतात. चाकणच्या कंपनीच्या करारात शेवटचा दर तोच राहतो आणि फरक दर वर्षी भरला जातो. इथे मध्ये शांतता आणि फरक एकदम शेवटी. नावे सारखी असल्याने वर्तमानपत्रांत या दोन प्रकारांची सर्रास सरमिसळ होते. ओळखायची खूण एकच: दोन टोकांच्या दरांत फरक आहे का?

परतीचा दर बांधलेला असल्यामुळे मधल्या वर्षांत एक विचित्र गोष्ट घडते. सही केली तेव्हा दोन्ही बाजूंना सारख्याच किमतीचा असलेला करार बाजाराच्या हालचालीने एकाच्या बाजूला झुकतो. आयबीएमचेच पाहा. फेब्रुवारी १९८५ पर्यंत डॉलर जवळपास साडेतीन मार्कांवर पोचला. म्हणजे जागतिक बँकेला जे मार्क द्यायचे होते ते डॉलरच्या भाषेत फारच स्वस्त झाले, तर आयबीएमचा डॉलरचा बोजा तसाच राहिला. स्वॅप न करता कंपनी गप्प बसली असती, तर तिचे कर्ज आणखी हलके झाले असते. मग सप्टेंबर १९८५ मध्ये पाच बड्या देशांनी न्यूयॉर्कच्या प्लाझा हॉटेलात डॉलर खाली आणायचे ठरवले, आणि करार संपेपर्यंत तो पुन्हा अडीच मार्कांच्या खाली आला होता. आयबीएमला यातल्या कशाशीच घेणेदेणे उरले नव्हते. कागदावरचे हे चढउतार बँकांच्या भाषेत एमटीएम म्हणून दर दिवशी मोजले जातात. एका बाजूचे पारडे फार जड झाले, की दुसऱ्या बाजूकडून रोख किंवा रोख्यांच्या रूपात तारण मागितले जाते. करार उत्तम असूनही तारणाला रोकड नाही म्हणून कंपनी अडचणीत आली, असे याच टप्प्यावर होऊ शकते.

करार करणारी बँकच मध्ये बुडाली तर? चौथ्या वर्षी डॉलर ९२ ला असताना चाकणच्या कंपनीची बँक बंद पडली असे धरू. कंपनीला आता १ कोटी डॉलर मिळणार नाहीत, पण तिला ८० कोटी रुपयेही द्यायचे नाहीत. तेवढे पैसे हाती ठेवून बाजारातून डॉलर घ्यायचे, म्हणजे मुद्दलापोटी नुकसान ढोबळमानाने १२ कोटींचे, ८० कोटींचे नव्हे. एकच करार असण्याचा फायदा हा असा.

अपवाद फक्त मुद्दल बदलण्याच्या दिवसाचा. त्या दिवशी मुंबईत रुपये सकाळी दिले जातात आणि न्यूयॉर्कच्या बँका उघडतात तेव्हा इथे संध्याकाळ झालेली असते. मधल्या काही तासांत एका बाजूने सगळे दिलेले असते आणि दुसऱ्या बाजूने काहीच नसते. ही भीती पुस्तकी नाही. २६ जून १९७४ ला कलोन शहरातल्या हेरस्टाट बँकेचा परवाना जर्मन अधिकाऱ्यांनी दुपारनंतर, तिथले कामकाज संपल्यावर, रद्द केला. तोवर अनेक बँकांनी जर्मनीत तिला मार्क चुकते केले होते. न्यूयॉर्कमध्ये तेव्हा सकाळच होती आणि मोबदल्यातले डॉलर अजून निघायचे होते. ते निघालेच नाहीत. या धोक्याला आजही हेरस्टाट धोका म्हणतात. त्यावर उपाय म्हणून सीएलएस नावाची खास बँक सुरू व्हायला २००२ साल उजाडले. दोन्ही बाजूंचे पैसे आल्याशिवाय ती कुणालाच काही देत नाही. तिच्या यादीत मोजकीच चलने आहेत. रुपया त्यात नाही.

आतापर्यंतच्या सगळ्या उदाहरणांत पहिल्या दिवशीचा दर त्या दिवशीच्या बाजाराचाच होता. तो तसाच असला पाहिजे असा कायदा नाही, शहाणपण आहे. दर मुद्दाम बाजाराबाहेरचा ठेवला तर काय होते, हे ग्रीसने दाखवले.

युरोच्या गोटात शिरताना ग्रीसवर कर्जाचे ओझे मोठे होते आणि त्यातला काही भाग डॉलर आणि येनमध्ये होता. युरो जन्मल्यापासून सतत घसरत होता; १९९९ च्या सुरुवातीला १.१८ डॉलरच्या आसपास असलेला युरो २००० च्या शरदात ८३ सेंटपर्यंत खाली आला. साहजिकच डॉलरमधले कर्ज युरोत मोजले की फुगलेले दिसे. डिसेंबर २००० आणि जून २००१ मध्ये ग्रीसने गोल्डमन सॅक्सशी जे स्वॅप केले, त्यांत मुद्दलाचा दर त्या दिवशीचा नव्हता, मागच्या काळातला होता.

सोप्या आकड्यांत सांगायचे, तर समजा १०० कोटी डॉलरचे देणे आहे. बाजारात एका युरोला ९० सेंट मिळत असतील, तर ते देणे १११ कोटी युरोंचे होते. पण करारात एका युरोला १ डॉलर १० सेंट असा जुना दर लिहिला, तर तेच देणे ९१ कोटी युरोंचे दिसते. मुदतीअखेर ग्रीसने ९१ कोटी युरो द्यायचे आणि बँकेने १०० कोटी डॉलर. आता १११ कोटींची वस्तू कोणती बँक ९१ कोटींना देईल? २० कोटींचा तो फरक म्हणजे बँकेने ग्रीसला दिलेले कर्जच, फक्त त्याला कर्ज म्हटलेले नव्हते. त्याची परतफेड जोडीच्या दुसऱ्या व्याजदर स्वॅपमधून, पुढच्या अनेक वर्षांच्या जास्तीच्या हप्त्यांतून व्हायची होती.

या व्यवहारांमुळे ग्रीसचे परकीय चलनातले कर्ज युरोच्या हिशेबाने २ अब्ज ३६ कोटी ७० लाखांनी कमी दिसू लागले आणि राष्ट्रीय उत्पन्नाशी कर्जाचे प्रमाण १०५.३ टक्क्यांवरून १०३.७ वर आले, असे गोल्डमन सॅक्सनेच फेब्रुवारी २०१० मध्ये जाहीर केले. त्या काळच्या हिशेबाच्या नियमांत असे स्वॅप सरळसरळ कर्ज म्हणून दाखवावे लागत नव्हते, हे खरे. पण बाहेरच्या माणसालाही हे पकडता आले असते. त्यासाठी अवघड गणिताची गरज नव्हती. करारातली दोन मुद्दले घ्यायची, एकाला दुसऱ्याने भागायचे आणि आलेला दर त्या तारखेच्या वर्तमानपत्रातल्या दराशी ताडून पाहायचा. फक्त करार कुणी बाहेर दाखवत नव्हते.

युरोपीय महासंघाच्या सांख्यिकी कार्यालयाने, युरोस्टॅटने, २००८ मध्ये नियम स्पष्ट केला: बाजाराबाहेरच्या दराने केलेल्या स्वॅपमधून सुरुवातीला मिळालेली रक्कम हे कर्ज धरायचे. नोव्हेंबर २०१० मध्ये ग्रीसचे जुने आकडे दुरुस्त झाले तेव्हा केवळ या स्वॅपांपोटी देशाच्या कर्जात ५ अब्ज युरोंहून अधिक भर पडली.